तीन मिनिटं म्हणजे साडेचारशे शब्द नव्हेत

‘तीन मिनिटांची फिल्म आहे, म्हणजे साडेचारशे शब्द द्या.’ गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की फोनवर ‘तीन मिनिटं’ ऐकू आलं की पुढचा आकडा मीच मनात म्हणतो. मिनिटाला दीडशे शब्द, तीन मिनिटांना साडेचारशे. हा हिशेब सांगणारा माणूस पुण्यातल्या स्टुडिओत बसलेला असो की एखाद्या संस्थेच्या कार्यालयात, त्याला तो पाढ्यासारखा पाठ असतो. दीडशे आले कुठून, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते आले इंग्रजीतून. सावकाश, स्पष्ट इंग्रजी निवेदनाला तो अंदाज बऱ्यापैकी लागू पडतो. मराठीला तो लागू पडत नाही. लावला तर नुकसान कुणाचं होतं, हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

एका संस्थेला माहितीच्या अधिकारावर माहितीपट हवा होता. माहितीपट म्हणजे चित्रं हलतात, मागे एक आवाज समजावून सांगतो, तसला. गावोगावच्या बैठकांत आणि व्हॉट्सअॅपवर दाखवायचा. लांबी बरोबर तीन मिनिटं. ही ‘बरोबर’ची अट हट्टाची नव्हती. चित्रं आधीच बनली होती. सेकंदाला २५ चौकटी, १८० सेकंदांच्या ४,५०० चौकटी, आणि अॅनिमेशनचे पैसे सेकंदावर मोजलेले. तेव्हा आवाजालाच चित्रांच्या मापात बसायचं होतं. इंग्रजी संहिता साडेचारशे शब्दांची होती. मी तिचं मराठी केलं, ते भरलं ३७२ शब्द.

निर्मात्यांना आनंद झाला. ‘सर, अजून ७८ शब्दांची जागा आहे. काहीतरी घाला की.’

मी सांगून पाहिलं की जागा नाही, उलट आताच जास्त झालं आहे. त्यांनी मला संगणकावरचा शब्दांचा आकडा दाखवला. आकड्यापुढे माझं काय चालणार? मी ७८ शब्द घातले. ही माझी चूक, आणि ती मी इथे कबूल करतो.

मराठीत शब्द कमी का झाले, ते आधी बघू. इंग्रजीत ‘टू द फर्स्ट अपेलेट अथॉरिटी’ हे पाच शब्द आहेत. मराठीत ‘प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे’ हे तीन. ‘टू’ आणि ‘द’ आपल्याकडे सुटे उभे राहत नाहीत. ‘टू’चं काम करणारा ‘कडे’ शब्दाच्या शेपटीला चिकटतो आणि ‘द’ची आपल्याला गरजच नाही. म्हणून मोजणी कमी दिसते. पण तोंडाला पडणारं काम? मोठ्याने म्हणा आणि हनुवटीखाली हात धरा. हनुवटी जितक्यांदा खाली जाईल तितके उच्चाराचे ठोके. इंग्रजीत दहा, मराठीत अकरा. शब्द पाचाचे तीन झाले आणि ठोका एक वाढला.

हा ‘ठोका’ मी पुढे सगळीकडे वापरणार आहे, म्हणून एकदा स्पष्ट करतो. ‘घर’ हे दोन अक्षरांत लिहितो, पण उच्चारात ‘र’ पाय मोडूनच येतो, तेव्हा ठोका एक. ‘घरात’ दोन. ‘घराला’ तीन. ‘माहिती’ तीन. ‘दिवसांच्या’ लिहिताना चार अक्षरं, बोलताना ‘दिव्‌-सां-च्या’, तीन. कागदावरची अक्षरं मोजू नका आणि संगणकाने मोजलेल्या ‘कॅरॅक्टर’वर तर मुळीच जाऊ नका. तो वेलांटी, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं धरतो. कानाला जे स्वर ऐकू येतात तेवढेच मोजायचे. कुणी ‘रुपये’ दोन ठोक्यांत म्हणेल, कुणी तीन. हरकत नाही. एका कामात एकच पद्धत ठेवली की झालं.

आता त्या संहितेतलं एक वाक्य घेऊ. ‘जनमाहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांच्या आत माहिती देणे बंधनकारक आहे.’ शब्द नऊ. ठोके: जनमाहिती चार, अधिकाऱ्याने पाच, तीस एक, दिवसांच्या तीन, आत एक, माहिती तीन, देणे दोन, बंधनकारक चार, आहे दोन. एकूण पंचवीस. मिनिटाला दीडशे शब्दांच्या हिशेबाने नऊ शब्दांना वेळ मिळतो ३.६ सेकंद. म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात ठोके. म्हणून पाहा. घड्याळ लावून, ३.६ सेकंदांत. जमेल, पण क्रिकेटची कॉमेंट्री वाटेल, आणि समोरच्याला ‘तीस’ ऐकू येईल याची खात्री नाही. आणि हे फक्त एका वाक्यापुरतं. तीन मिनिटं असं बोलत राहायचं तर श्वास कधी घेणार?

त्या फिल्मचं पुढे तेच झालं. साडेचारशे शब्दांचे ठोके झाले सुमारे साडेबाराशे. निवेदिका अनुभवी होती. तिने नेहमीच्या वेगाने वाचलं तेव्हा घड्याळ ४ मिनिटं २८ सेकंदांवर थांबलं. स्टुडिओतल्या मुलाने आधी वाक्यांमधले विराम कापले, श्वास कापले. २४ सेकंद निघाले. उरलेला आवाज त्याने एका कळीसरशी १.३६ पट वेगाने पळवला. हल्ली सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी तीच ठेवून वेग वाढवतं, त्यामुळे बाई उंदरासारखी चिरकत नाही आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. ‘बघा, बसलं की!’ असं निर्माते म्हणाले. बसलं खरंच. १८० सेकंदांत साडेबाराशे ठोके, म्हणजे पुन्हा तेच, सेकंदाला सात.

लहानपणी रमजानमध्ये तरावीहच्या नमाजला आम्ही पोरं हाफिजसाहेबांच्या वेगावर हसायचो. काही जण इतक्या भरधाव पठण करत की मागे उभ्या असलेल्यांना फक्त ‘यअलमून, तअलमून’ एवढंच ऐकू यायचं. हा विनोद आमच्याकडे घरोघरी आहे. तिथे निदान ऐकणाऱ्याला मजकूर कुठे तरी आधीपासून माहीत असतो. माहितीपट बघणाऱ्याला तोही माहीत नसतो. म्हणून तर तो बघत असतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांनी ती फिल्म बैठकीत पाहिली. त्यांचा निराधार योजनेचा अर्ज अडकला होता. त्याचं काय झालं हे विचारायला त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. कायदा सांगतो की मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, आणि त्या अपिलाच्या निर्णयानेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडे. फिल्ममध्ये हे सगळं होतं. तीस, तीस, नव्वद. तीनही आकडे अकरा सेकंदांत, एका दमात. खालांच्या लक्षात शेवटचा राहिला. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा अर्जाला ८५ दिवस झाले होते. ‘बेटा, नव्वद दिवस आहेत ना? अजून पाच बाकी आहेत.’

पहिल्या अपिलाची मुदत पंचवीस दिवसांपूर्वीच संपली होती. पुरेसं कारण दाखवलं तर उशिराचं अपील दाखल करून घेण्याची मुभा कायद्यात आहे, तेवढ्या आधारावर आम्ही विलंबमाफीचा अर्ज जोडला आणि सुदैवाने तो चालला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न होता. ‘फिल्म जोरात पळत होती’ असं लिहिता येत नाही. आणि ती फिल्म मीच लिहिली आहे, हे मी खालांना त्या दिवशी सांगू शकलो नाही.

त्यानंतर मी निर्मात्यांशी भांडलो. फिल्म दुसऱ्या भाषांत काढायचीच होती, तेव्हा मराठीही नव्याने करू, फुकट करून देतो म्हटलं. फुकट म्हटल्यावर हिशेब माझ्या पद्धतीने करायला ते तयार झाले. तो हिशेब असा.

आधी निवेदिकेचा वेग मोजायचा. कुठल्या तरी कोष्टकातला वेग घ्यायचा नाही, याच बाईंचा, याच संहितेवरचा घ्यायचा. गोष्ट वाचताना माणूस वेगळा वाचतो आणि ‘अपिलीय अधिकारी’ वाचताना वेगळा, म्हणून चाचणीचा उतारा त्याच संहितेतला हवा. मी ३१२ ठोक्यांचा उतारा दिला आणि सांगितलं, समोर खाला बसल्यात असं समजून वाचा. ७२ सेकंद लागले. ध्वनिमुद्रणाच्या आलेखावर सपाट दिसणारे विराम मोजले तर ते बारा सेकंद भरले. म्हणजे तोंड चालू होतं साठ सेकंद. ३१२ भागिले ६०, सेकंदाला ५.२ ठोके. हा तिचा बोलण्याचा वेग. विराम त्यातून वेगळे काढायचे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. विराम आपण संहितेत ठरवून देतो आणि ते कमीजास्त करता येतात. बोलण्याचा वेग माणसाचा असतो, तो ताणला की लगेच कळतं.

मग १८० सेकंदांतून शांतता आधी बाजूला काढायची. बहुतेक लोक उलटं करतात. आधी शब्द भरतात आणि उरली तर शांतता ठेवतात. सुरुवातीच्या शीर्षकाला ४ सेकंद, शेवटच्या नामावलीला ६. संकेतस्थळाचा पत्ता पडद्यावर आहे तेव्हा ४ सेकंद कुणी बोलायचं नाही. फिल्मचे चार भाग, त्यांच्यात तीन सांधे, प्रत्येकी २ सेकंद. तीस, तीस आणि नव्वद या तीन मुदतींनंतर प्रत्येकी एक सेकंद जादा. हे झाले २३. उरले १५७. त्यात २६ वाक्यं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी साधारण ०.७ सेकंद, आणि तीसेक स्वल्पविरामांचे ०.३ सेकंद. हे सगळे मिळून २७. बोलायला खरे उरले १३० सेकंद.

```
(१८० − ५०) × ५.२ = ६७६ ठोके
```

माझ्या मजकुरात एका शब्दाला सरासरी पावणेतीन ठोके पडतात. म्हणजे शब्द साधारण २४६. साडेचारशे नव्हे, अडीचशेसुद्धा नव्हे.

हा आकडा ऐकून निर्माते म्हणाले, ‘म्हणजे मराठी फारच पाल्हाळिक भाषा आहे.’ नाही हो. लांब शब्दाच्या पोटात विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं असतं, एवढंच. पाल्हाळ आहे तो मराठीचा नाही, आपल्या कार्यालयांचा आहे. मघाचंच वाक्य पाहा, पंचवीस ठोक्यांचं. ‘अधिकाऱ्याने तीस दिवसांत माहिती द्यायलाच हवी.’ पंधरा ठोके. दहा वाचले, म्हणजे दोन सेकंद, आणि अर्थ अधिक टोकदार झाला. ‘जनमाहिती अधिकारी’ हा पूर्ण शब्द एकदाच ठेवायचा, जिथे अर्ज कुणाच्या नावे लिहायचा ते सांगतो तिथे. बाकी सगळीकडे ‘अधिकारी’ पुरतो.

आकडे आणि पत्ते यांचा घोळ वेगळाच. ‘२००५’ हा संगणकाला एक शब्द, तोंडाला ‘दोन हजार पाच’, चार ठोके. ते एवढं तरी बरं. ऑनलाइन अर्जाचा पत्ता बघा: rtionline.maharashtra.gov.in. शब्दमोजणीत हा एक शब्द. वाचायचा म्हटलं तर ‘आरटीआय ऑनलाइन डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’, सोळा ठोके, आणि तो भरभर वाचताच येत नाही, पाच सेकंद सहज जातात. शिवाय ऐकून तो कुणी लिहून घेत नाही. म्हणून निवेदिका म्हणाली, ‘पत्ता पडद्यावर आहे,’ आणि गप्प बसली. मोबाइल नंबर असेल तर तोही असाच ठेवावा. संहिता मोजायला देण्याआधी सगळे अंक, सगळी आद्याक्षरं उच्चारतात तशी अक्षरांत लिहून काढायची. हे केलं नाही तर पुढची मोजणी कितीही काटेकोर करा, फसते.

ठोक्यांचा हिशेब अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सगळे ठोके सारखे नसतात. मदरशात उस्ताद आम्हाला मद्द शिकवायचे तेव्हा बोटं मिटून मोजायला लावत. साधी मद्द दोन हरकतींची, काही ठिकाणी चार-पाच, काही ठिकाणी पूर्ण सहा. एकच स्वर, पण लांबी तिप्पट. शिवाय पठणाच्या चालीही वेगवेगळ्या, सावकाश तहकीक, मधली तदवीर, जलद हदर, आणि त्या प्रमाणात हरकतीही लांबते किंवा आखडते. शब्द मोजून वेळ काढण्याचा विचार त्या शास्त्रात कुणाच्या डोक्यात आलेला मी तरी ऐकला नाही. मराठीत तेवढी शिस्त नाही, पण ‘बंधनकारक’ आणि ‘करता’ यांचे ठोके सारख्या वेळाचे नसतात, हे कानाला कळतं. तीन मिनिटांत ते एकमेकांना सांभाळून घेतात. एका वाक्यापुरता हिशेब मात्र अर्धा-पाऊण सेकंद चुकू शकतो. एखाद्या वाक्यावर चित्र नेमकं बदलायचं असेल तर ते वाक्य मोजत बसू नये, निवेदिकेकडून वाचूनच घ्यावं.

आमचं पहिलं वाचन आलं ३ मिनिटं ५ सेकंद. स्टुडिओतल्या मुलाचा हात लगेच वेगाच्या कळीकडे गेला. पाच सेकंद म्हणजे सव्वीस ठोके, म्हणजे एक वाक्य. वाक्य काढू म्हटलं. तर प्रश्न आला, कुठलं?

माझं निर्मात्यांशी खरं भांडण इथे झालं. त्यांनी बोट ठेवलं त्या वाक्यावर की ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करायची आहे. दुसरा पर्याय त्यांनी दिला तो दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दहा रुपये शुल्क लागत नाही, हा. ‘हे अपवाद आहेत, मुख्य मुद्दा नाही.’ अहो, फिल्म कुणाला दाखवताय? ज्याला लिहिता येतं, दहा रुपयांची चिंता नाही, तो कायदा वाचूनही काढेल. तुमच्या अपवादांची रांगच तर बैठकीत सतरंजीवर बसलेली असते. वेळ कमी पडला की आधी कुणाची ओळ जाते, हे मी या धंद्यात इतक्यांदा पाहिलंय की आता ते मला योगायोग वाटत नाही. शब्दांचा खोटा हिशेब सुरुवातीला केला की शेवटी घाईघाईत कात्री चालते, आणि घाईत कात्री नेहमी त्याच बाजूला वळते.

आम्ही काढलं ते सुरुवातीचं वाक्य, ‘पारदर्शक कारभार हा लोकशाहीचा आत्मा आहे’ या चालीचं. संस्थेच्या अध्यक्षांना ते फार आवडायचं. त्याचे ठोके होते चोवीस. उरलेले दोन ‘आणि’ काढून मिळवले. दुसरं वाचन आलं १८०.४ सेकंद. ०.४ सेकंद शेवटच्या नामावलीतून घेतले. वेगाच्या कळीला कुणी हात लावला नाही. दोन-तीन टक्क्यांपर्यंत ती वापरली तर कानाला कळत नाही हे मलाही माहीत आहे, पण त्या दिवशी मी ती वापरू दिली नाही.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराचा अर्ज साधारणपणे दीडशे शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा लागतो. हे दीडशे काही माझी पाठ सोडत नाहीत. फरक इतकाच की अर्ज लिहिताना शब्द लांब असले तर फायदाच होतो.

मागच्या आठवड्यात त्याच निर्मात्यांचा फोन आला. हिंदी करायचं होतं. मी सांगितलं की हिंदीत ‘के’, ‘में’, ‘से’ सुटे असल्यामुळे शब्द जास्त दिसतील, घाबरू नका, ठोके बघा. निवेदक कोण आहे ते कळवा, त्याचा उतारा मुद्रित करून पाठवा, मग जागा किती ते सांगतो. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

‘हो, ते सगळं ठीक,’ ते म्हणाले. ‘पण अंदाजे शब्द किती धरू? साडेचारशे?’